गोदामाच्या दाराशी पोहोचलेला माणूस नेमका कोणत्या क्षणी गुन्हेगार ठरतो?

मांजराकाठ (लातूर)

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात सध्या सभासदांचे सोयाबीन आहे आणि भाव सुधारेपर्यंत ते तिथेच राहणार असल्यामुळे राखणीचा विषय संचालकांच्या बैठकीत वरचेवर निघतो. मागच्या बैठकीत एक संचालक म्हणाले की, वर्तमानपत्रात ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ अशा बातम्या नेहमी येतात, म्हणजे नुसती तयारी करणाऱ्यालाही पोलीस उचलू शकतात. दुसऱ्यांचे वकील मेहुणे त्यांना सांगून गेले होते की, कायद्यात तयारी हा गुन्हाच नाही. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले आणि चहा गार झाला.

म्हणून मी एक काल्पनिक प्रसंग मांडतो. कामावरून काढलेला एक हमाल आमच्या गोदामात चोरी करायचे ठरवतो. तो राखणदाराच्या फेऱ्यांच्या वेळा हेरतो, आठवडी बाजारातून एक कटावणी आणि रिकामे बारदान विकत घेतो आणि मेहुण्याचा छोटा हत्ती ठरवतो. एका रात्री दीडच्या सुमारास दोघे निघतात आणि गोदामापासून अर्ध्या किलोमीटरवर, डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करतात. मेहुणा गाडीत थांबतो. हमाल तारेचे कुंपण ओलांडतो, शटरपाशी येतो, कटावणी कुलपाच्या कोयंड्यात घालतो, कुलूप तोडतो, शटर हातभर वर उचलून आत शिरतो आणि पाहतो तर गोदाम रिकामे. सगळे कट्टे त्याच दिवशी दुपारी तेल गिरणीला गेलेले असतात.

माझा प्रश्न असा आहे की, या साखळीत त्याला कोणत्या कडीपाशी पकडले तर तो चोरीच्या प्रयत्नाचा आरोपी ठरतो आणि कोणत्या कडीपर्यंत तो कायद्याच्या दृष्टीने मोकळा असतो?

रब्बी ज्वारी

उत्तर सोपे आहे. शेवटची कृती होईपर्यंत सगळी तयारीच असते. कट्टा उचलून गाडीत टाकायला हात घातला की प्रयत्न, आणि गाडी कुंपणाबाहेर गेली की चोरी. तुमच्या हमालाने तर कट्ट्याला हातही लावलेला नाही आणि लावायला कट्टाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर फार तर कुलूप तोडल्याच्या नुकसानीचा दावा होईल.

तयारी चालू आहे

एमपीएससीच्या बाबतीत मी कित्येक वर्षे तयारीच्या टप्प्यात आहे आणि घरच्यांच्या मते तो शिक्षापात्र गुन्हा आहे. वकील मेहुण्यांचा पत्ता मिळेल का?

कोर्टाची पायरी (नांदेड)

मी फौजदारी बाजूला वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘रब्बी ज्वारी’ यांनी जी कसोटी सांगितली, ती इंग्लंडमधल्या जुन्या निकालांत भेटते. मात्र आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच ती बाजूला ठेवली. त्या प्रकरणाचे नाव ‘अभयानंद मिश्रा विरुद्ध बिहार राज्य’ असे आहे आणि योगायोगाने ते परीक्षेचेच आहे, त्यामुळे ‘तयारी चालू आहे’ यांनी लक्ष देऊन वाचावे. या गृहस्थाने आपण पदवीधर असून शिक्षक आहोत, अशी खोटी प्रमाणपत्रे जोडून पाटणा विद्यापीठाकडे एम.ए.च्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याचा अर्ज केला. प्रवेशपत्र निघाले, पण खोटेपणा उघड झाला आणि त्याला परीक्षेला बसता आले नाही. बचाव असा होता की, ही सगळी तयारी होती. न्यायालयाने म्हटले की, अर्ज लिहून आणि कागद जोडून तयार झाला तिथे तयारी संपली. तो विद्यापीठाकडे रवाना केला त्या क्षणी प्रयत्न सुरू झाला. परीक्षेला बसणे तर पुढेच राहिले होते, तरीही फसवणुकीच्या प्रयत्नाची शिक्षा कायम झाली. म्हणजे शेवटची कृती व्हावीच लागते असे नाही. हेतू पक्का असेल, तयारी झालेली असेल आणि गुन्ह्याच्या दिशेने एक कृती घडलेली असेल, तर ती कृती शेवटून पहिली असो की तिसरी, प्रयत्न होतो.

आता गोदामाकडे येतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतले प्रयत्नाचे कलम 511 तिथे कलम 62 म्हणून आले आहे. त्या कलमाला दोन उदाहरणे जोडलेली आहेत. एकात माणूस दागिने चोरण्यासाठी पेटी फोडतो आणि पेटीत काहीच नसते; दुसऱ्यात दुसऱ्याच्या खिशात हात घालतो आणि खिसा रिकामा निघतो. दोघेही प्रयत्नाचे दोषी आहेत. त्यामुळे कट्टे दुपारीच गिरणीला गेले होते, हे हमालाच्या कामाचे नाही. त्याचा बेत फसला तो त्याच्या मनाविरुद्ध, आणि कायदा त्याचे मन व त्याची कृती पाहतो, गोदामातला साठा नव्हे.

आडत गल्ली

वकीलसाहेब, मग माल हलला कधी म्हणायचा? आमच्या आडतीवर एकदा एक माणूस हळदीचे पोते थप्पीवरून काढून दारापर्यंत ओढत आला होता आणि तिथेच सापडला. आम्ही आपले त्याला चोरीचा प्रयत्न समजत होतो, पण ठाण्यात चोरीचीच फिर्याद लिहिली गेली. पोते तर आमच्याच छपराखाली होते.

कोर्टाची पायरी (नांदेड)

ठाणे अंमलदाराने बरोबर लिहिले. अप्रामाणिक हेतूने, मालकाच्या संमतीशिवाय, वस्तू जागेवरून हलवली की चोरी पूर्ण होते. ती छपराबाहेर जावी लागत नाही, गाडीत चढावी लागत नाही आणि चोराला पचावी लागत नाही. तुमचे पोते थप्पीवरून खाली आले तेव्हाच प्रयत्नाचा टप्पा मागे पडला होता. म्हणूनच मांजराकाठ यांच्या प्रसंगात गोदाम रिकामे असणे महत्त्वाचे आहे, कारण एक कट्टा जरी असता आणि तो इंचभर सरकवला असता, तरी हा धागा चोरीचा झाला असता, प्रयत्नाचा राहिला नसता.

बांधावरचा

माझे प्रकरण थोडे असेच आहे, म्हणून विचारतो. आमच्यात आणि चुलत्यांच्यात बांधाचा वाद जुना आहे. पेरणीच्या वेळी चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन बांधावर आला, ‘तुला जिवंत सोडत नाही’ म्हणाला, चार माणसे जमली तेव्हा निघून गेला. मी ठाण्यात 307 लावा म्हणून बसलो, पण त्यांनी लावले नाही. कुऱ्हाड आणली, जागेवर आला, बोलून दाखवले. आता याहून अधिक कोणता प्रयत्न हवा?

खाकी, निवृत्त (परभणी)

बांधावरचे भाऊ, मी पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि बांधावरच्या तक्रारी हा आमच्या ठाण्याचा रोजचा भाजीपाला होता. जुने 307 आता न्याय संहितेत कलम 109 झाले आहे. त्यासाठी जीव घेण्याच्या इराद्याने केलेली कृती लागते. कुऱ्हाड उगारून घाव घातला आणि तुम्ही बाजूला झालात, तर अंगावर ओरखडा नसतानाही ते कलम लागले असते, कारण तिथे जखमेची अट नाही. पण तो उभा राहिला, बोलला आणि गेला. यातली कुऱ्हाड आणणे ही तयारी आहे आणि ‘सोडत नाही’ ही धमकी आहे. धमकीसाठी स्वतंत्र कलम आहे आणि जिवे मारण्याच्या धमकीला त्यात शिक्षाही अधिक आहे. त्याशिवाय शांतता राखण्याचे हमीपत्र घेण्यासाठी चॅप्टर केस करता येते, ती पूर्वी 107 खाली व्हायची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते. तुम्ही 307 साठी अडून बसलात, तर जे मिळण्यासारखे आहे तेही मागे पडते.

आता मूळ प्रश्नाबद्दल माझा अनुभव. रात्रीच्या गस्तीवर कटावणी घेऊन हिंडणारा माणूस सापडला, तर आम्ही प्रयत्नाच्या भानगडीत पडत नसू. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 122 मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे तुमचा हमाल डांबरी रस्त्यावर सापडला, तरी तो घरी जाऊन झोपणार नाही. त्याच्यावर चोरीच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल होणार नाही, एवढेच.

गोदातीर

मला हे पटत नाही. ज्याने फेऱ्या हेरल्या, हत्यार घेतले, गाडी आणली आणि जो मध्यरात्री अर्ध्या किलोमीटरवर येऊन उभा आहे, त्याच्या मनात काय आहे याबद्दल कोणाला शंका आहे? एवढे सगळे उघड असताना त्याने कुलपाला हात लावेपर्यंत कायदा थांबतो, हा सभासदांवर अन्याय नाही का? आमच्या गावात बचत गटाच्या कपाटाजवळ रात्री सापडलेल्या मुलाला ‘अजून काही केले नाही’ म्हणून सोडले होते आणि पुढच्याच महिन्यात त्याने ते कपाट फोडले.

पुस्तकी (छत्रपती संभाजीनगर)

मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. गोदातीर ताईंच्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने एका धान्याच्याच प्रकरणात उत्तर दिले आहे. ‘मलकियत सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात पंजाबातून भात बाहेर नेण्यावर बंदी होती आणि भाताची 75 पोती भरलेला ट्रक दिल्लीकडे जाताना समालखा नाक्यावर अडवला गेला. हा नाका दिल्लीपासून 32 मैलांवर होता आणि राज्याची सीमा 18 व्या मैलाजवळ. माल दिल्लीच्या पेढीला जाणार, हे कागदांवरून स्पष्ट होते. तरीही चालक आणि त्याचा मदतनीस निर्दोष सुटले. न्यायालयाचे म्हणणे असे की, नाका ते सीमा यांच्या दरम्यान त्यांना कोणी सावध केले असते, त्यांचे मन बदलले असते, तर ते ट्रक वळवून परत गेले असते आणि तोवर केलेल्या कृतीने कोणाचेही काही बिघडले नसते. मन बदलून परत फिरण्याची जागा उरली आहे, तोवर कायदा हात आखडता घेतो. अर्ध्या किलोमीटरवर उभा असलेला छोटा हत्ती मला तंतोतंत त्या ट्रकसारखा वाटतो.

रब्बी ज्वारी

पाहा, म्हणजे मी म्हणत होतो ते फार चूक नव्हते. परत फिरता येत असेल तोवर प्रयत्न नाही. आणि शटर उचलल्यावरही माणूस परत फिरू शकतोच.

कोर्टाची पायरी (नांदेड)

इथेच जपून पाऊल टाकले पाहिजे. ‘परत फिरता येते का’ ही कसोटी शब्दशः धरली, तर पिस्तुलाचा चाप ओढेपर्यंत कोणीच प्रयत्न करत नसतो, कारण परत फिरणे शेवटच्या श्वासापर्यंत शक्य असते. म्हणूनच ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब’ या 1980 सालच्या निकालात न्यायालयाने मलकियत सिंगचा अर्थ नीट लावला.

ती हकिगत मुंबईजवळची आहे. सप्टेंबर 1968 मधल्या एका रात्री सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक जीप आणि एक ट्रक यांचा माग काढला. वसईजवळच्या खाडीपाशी वाहने थांबली आणि ट्रकमधून लहान पण जड पुडकी खाली काढून ठेवली जाऊ लागली. अधिकारी पुढे धावले, आणि त्याच वेळी खाडीतून एका यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. पुडक्यांत चांदीच्या लगडी होत्या. सत्र न्यायालयाने आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने ही तयारीच ठरवली होती, कारण चांदी अजून होडीत चढली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिले की, मलकियत सिंगमधली कसोटी त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरती होती. तिथे गुन्हा इतका लांब होता की, आरोपींना मन बदलायला भरपूर वेळ आणि संधी होती. सगळीकडे लावायचा तो नियम नव्हे.

याच निकालात दोन न्यायमूर्तींचा भर वेगवेगळ्या ठिकाणी आहे. न्यायमूर्ती सरकारिया कृती गुन्ह्याच्या किती निकट पोहोचली आहे ते पाहतात. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी निकटता मोजतात ती वेळ आणि कृती यांच्या संदर्भात नव्हे, तर हेतूच्या संदर्भात. म्हणजे ती कृती, भोवतालच्या परिस्थितीसह पाहता, वाजवी खात्रीने तो विशिष्ट गुन्हा करण्याचा हेतू उघड करते का, असे ते विचारतात. निष्कर्ष मात्र दोघांचा एकच आहे.

गोदातीर

मग माझाच मुद्दा सिद्ध झाला. हेतूच मोजायचा असेल, तर हमालाचा हेतू डांबरी रस्त्यावरही उघड आहे.

कोर्टाची पायरी (नांदेड)

ताई, तो उघड आहे तो आपल्याला, कारण मांजराकाठ यांनी आपल्याला त्याच्या मनात नेऊन बसवले आहे. गस्तीवरच्या शिपायाच्या नजरेने पाहा. रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी आहे, तिच्यात दोन माणसे, एक कटावणी आणि रिकामे बारदान आहे. आजूबाजूला आणखी गोदामे असतील, एखादी जिनिंग असेल, शेतातल्या मोटारी असतील. तो आमच्या गोदामातून सोयाबीन नेणार होता, की कोणाच्या शेतातली केबल काढणार होता, की भाडे संपवून झोपला होता, हे त्या चित्रातून वाचता येत नाही. कृती स्वतः बोलत नाही, तोवर त्याच्या मनातले सांगणारा एकच स्रोत राहतो तो म्हणजे पोलीस कोठडीतला जबाब, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. तयारीला सर्वसाधारणपणे शिक्षा नसण्याचे व्यावहारिक कारण हेच आहे.

चांदीच्या प्रकरणात मध्यरात्र होती, खाडीचा काठ होता, उतरवलेली लगड होती आणि होडीचे इंजिन होते. यांतले काहीही एकटे पुरेसे नव्हते. एकत्र आल्यावर दुसरा अर्थ उरला नाही.

तयारी चालू आहे

म्हणजे खोटी प्रमाणपत्रे न जोडता अर्ज भरत राहिलो, तर मी कायम निर्दोष. घरी हा निकाल वाचून दाखवतो.

आडत गल्ली

मेहुण्याचे काय? तो तर गाडीतून उतरलासुद्धा नाही. तो म्हणेल की मला भाडे मिळाले, मी आलो.

कोर्टाची पायरी (नांदेड)

मेहुण्यामुळे सगळे गणित बदलते आणि बैठकीतल्या त्या वकील मेहुण्यांनी बहुधा हेच गाळले. एकट्या माणसाने मनात ठरवून कटावणी घेतली तर ती तयारी आहे. पण दोघांनी चोरी करण्याचे आपसात ठरवले, तर ते ठरवणे हाच गुन्हेगारी कट आहे आणि तो न्याय संहितेच्या कलम 61 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. गोदामाकडे जावेच लागत नाही. अर्थात मेहुण्याला खरोखर माहीत होते हे सिद्ध करावे लागेल. त्याने भाड्याचे पैसे आधी घेतले का, दिवे मालवून गाडी उभी केली का, दोघांमध्ये फोन किती वेळा झाले, अशा गोष्टींवर ते ठरते. त्याला खरेच काही ठाऊक नसेल, तर तो साक्षीदार होईल.

रब्बी ज्वारी

पण मग ‘दरोड्याच्या तयारीत’ या बातम्यांचे काय? पाच माणसे एकत्र दिसली की तयारीलाही शिक्षा, हे तरी मी बरोबर ऐकले आहे ना?

खाकी, निवृत्त (परभणी)

अर्धे बरोबर ऐकले आहे. दरोडा हा असा गुन्हा आहे की, त्याच्या तयारीलाही शिक्षा आहे आणि ती थोडीथोडकी नाही, दहा वर्षांपर्यंतची आहे. दरोड्यासाठी नुसते जमण्यालाही सात वर्षांपर्यंतची आहे. हे दोन्ही आता न्याय संहितेच्या कलम 310 मध्ये आहे. पण दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी केलेली जबरी चोरी, म्हणजे मारहाण किंवा तिची भीती दाखवून केलेली. पाच जण गुपचूप कुलूप तोडून सोयाबीन नेणार असतील, तर ती संख्येने मोठी असलेली चोरी आहे, दरोडा नाही. त्यामुळे आमच्या पंचनाम्यात मिरची पूड, नायलॉनची दोरी, कोयता असे साहित्य लिहिले जाते, कारण तेच बळाचा इरादा दाखवते.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. प्रत्येक पंचनाम्यात तेच साहित्य, तीच झाडी आणि तोच ‘खात्रीलायक बातमीदार’ आला की, न्यायाधीशांना त्याचा वास येतो. आमच्या नोकरीत अशी प्रकरणे सुटताना मी पाहिली आहेत आणि दरवेळी दोष न्यायालयाचा नव्हता.

पुस्तकी (छत्रपती संभाजीनगर)

साहेबांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. ‘चतुरी यादव विरुद्ध बिहार राज्य’ या 1979 च्या निकालात काही माणसे रात्री एकच्या सुमारास शाळेच्या आवारात सापडली होती आणि त्यांच्यापैकी काहींकडे शस्त्रे होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एवढ्यावरून ते दरोड्यासाठीच जमले होते असे सिद्ध होत नाही. दुसऱ्या कोणत्या गुन्ह्यासाठीही जमले असतील. शिवाय जागा बाजारापासून जवळ, सहज नजरेत येणारी होती. म्हणजे तयारीला शिक्षा असली, तरी ‘कशाची तयारी’ हा प्रश्न सुटत नाही.

मांजराकाठ (लातूर)

चर्चा छान चालली आहे, पण माझ्या साखळीतल्या मधल्या कड्या अजून राहिल्या आहेत. हमाल कुंपण ओलांडून आत आला, शटरपाशी पोहोचला, कटावणी हातात आहे, पण अजून कोयंड्यात घातलेली नाही. आमचा राखणदार नेमका तेव्हा जागा होऊन ओरडतो. इथे काय?

कोर्टाची पायरी (नांदेड)

कटावणी कोयंड्यात गेली आणि तिच्यावर जोर आला, तर माझ्या मते वाद उरत नाही. तो रात्रीच्या घरफोडीचाही प्रयत्न आहे आणि चोरीचाही. कुलूप तुटून त्याचा हात किंवा पाय आत गेला, की घरफोडी पूर्णच झाली, कारण शरीराचा कोणताही भाग आत गेला तरी प्रवेश झाला असे धरतात आणि माल ठेवण्याची जागा त्या कलमांत घराइतकीच येते. पुढे माल मिळो न मिळो, चोरीच्या उद्देशाने रात्री केलेल्या घरफोडीला कलम 331 खाली चौदा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. इमारतीतल्या चोरीची कमाल शिक्षा सात वर्षे आणि प्रयत्नाला तिच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे. म्हणून प्रत्यक्ष खटल्यात सरकारी वकील रिकाम्या गोदामाच्या चर्चेत वेळ घालवत नाहीत, ते तुटलेल्या कुलपाकडे बोट दाखवतात.

आपण विचारलेली कडी त्याच्या आधीची आहे. कुंपण ओलांडले तेव्हा अतिक्रमणाचा गुन्हा झाला, यात शंका नाही. पण तो चोरीचा प्रयत्न झाला का? मी बचावाचा वकील असेन, तर मलकियत सिंग पुढे करेन. तो शटरपाशी घुटमळत होता, राखणदार दिसला असता तर परत गेला असता, कुलपाला स्पर्श नाही. सरकारी बाजूने असेन, तर याकूब पुढे करेन. कुंपण ओलांडले, मध्यरात्र, हातात कटावणी, समोर एकच शटर, रस्त्यावर बारदान घेऊन थांबलेली गाडी. या सगळ्याचा दुसरा अर्थ काय निघतो?

पुस्तकी (छत्रपती संभाजीनगर)

आदर राखून असहमत आहे. मला वाटते शटरपाशी पोहोचलेला माणूस न्यायमूर्ती रेड्डी यांच्या कसोटीत नक्की बसतो. डांबरी रस्त्यावर त्याचे लक्ष्य कोणतेही असू शकत होते, पण कुंपणाच्या आत एकच लक्ष्य आहे. शिवाय अभयानंद मिश्रा प्रकरणातला अर्ज रवाना होणे आणि इथे कुंपण ओलांडणे यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी माणूस स्वतःच्या जागेतून बाहेर पडून दुसऱ्याच्या जागेत कृती घेऊन गेला आहे.

कोर्टाची पायरी (नांदेड)

फरक आहे. टपालात पडलेला अर्ज पुढे आपोआप जातो, अर्जदार झोपला तरी तो पोहोचतो. शटरपुढचा माणूस थांबला तर सगळे थांबते. तरीही आपले मत वाजवी आहे आणि एखादे सत्र न्यायालय ते उचलून धरेल. दुसरे धरणार नाही. या कडीवर मी अशिलाला कधीच खात्री देणार नाही.

गोदातीर

आणि त्याने कटावणी घातली, कुलूप अर्धे वाकवले आणि मग त्याला स्वतःच उपरती झाली, म्हणून तो निघून गेला तर? तेव्हा तरी परत फिरण्याचे बक्षीस मिळते का?

कोर्टाची पायरी (नांदेड)

रेषा ओलांडल्यानंतर परत फिरले, तर झालेला प्रयत्न पुसला जात नाही. आपल्या कायद्यात तसा बचाव नाही. शिक्षा ठरवताना न्यायाधीश ते लक्षात घेऊ शकतात, आणि पुष्कळदा घेतातही. पण तो उपरतीने गेला की कुत्रे भुंकले म्हणून गेला, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

खाकी, निवृत्त (परभणी)

मांजराकाठ भाऊ, बैठकीत एवढे सांगा की, राखणदाराने गुन्हा पिकण्याची वाट पाहायची नाही. तो कुंपणावर दिसला की ओरडायचे आणि 112 ला फोन करायचा. कलम कोणते लागते ते ठाण्यात पाहतील. मात्र कुलपाला धक्का लागला असेल, तर पोलीस येईपर्यंत कोणीही कुलूप, कोयंडा किंवा पडलेली कटावणी हातात घ्यायची नाही. कोयंड्याच्या आतल्या कडेवर उठलेले ताजे ओरखडे आणि कटावणीच्या चपट्या तोंडाला लागलेला शटरचा रंग, एवढ्यावर आम्ही हत्याराची खूण जुळवून घेत असू. ते साहित्य सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते आणि ‘कटावणी घातली होती की नुसती हातात होती’ हा वकीलसाहेबांचा वाद बऱ्याचदा तिथे मिटतो. राखणदाराने उत्साहाने तेच कुलूप काढून खिशात ठेवलेले मी पाहिले आहे.

मांजराकाठ (लातूर)

आमचा कॅमेरा फाटकाकडे तोंड करून आहे, त्यात रस्त्यावरची वाहने दिसतात, शटर दिसत नाही. या चर्चेवरून तो शटरकडे वळवायला हवा असे दिसते. बैठकीत वकीलसाहेब आणि ‘पुस्तकी’ यांची दोन्ही मते मांडतो, कारण आमचे दोन संचालक त्यातही आपापली बाजू शोधतीलच.

कोर्टाची पायरी (नांदेड)

एक कॅमेरा शटरकडे आणि दुसरा कुंपणाच्या मागच्या बाजूला ठेवा, फाटकाचा काढू नका, कारण मेहुण्याची गाडी त्यातच दिसेल. चित्रण पेनड्राइव्हवर देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते, आणि जुने चित्रण यंत्र काही दिवसांनी आपोआप पुसते, तेव्हा घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ते वेगळे काढून ठेवा.